क्रेडिट नोट नको, पैसे परत द्या: कोल्हापूरच्या ग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

लग्नसराई आली की महाद्वार रोड आणि राजारामपुरीत बस्त्याची गर्दी होते, आणि मागोमाग एक तक्रार ठरलेली असते: माल सदोष निघाला, दुकानदारानेही मान्य केलं, पण पैसे द्यायच्या वेळी हातात क्रेडिट नोट ठेवली. खालचे प्रश्न मुख्यतः या एकाच प्रसंगाचे आहेत. ऑनलाइन खरेदी आणि विमानाच्या तिकिटांबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे, कारण तिथले नियम वेगळे आणि बरेच स्पष्ट आहेत.

दुकानदार म्हणतो, "पैसे परत देत नाही, क्रेडिट नोट देतो." हे कायद्याला धरून आहे का?

माल सदोष असेल तर नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या, ते दिलं आहे. विकलेला सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे परत द्यायला नकार देणं ही त्यातलीच एक. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, आणि काहीच छापलं नसेल तर तीस दिवसांत पैसे परत करायचे असतात. कायदा मोबदला परत करायला सांगतो. तुम्ही मोबदला म्हणून पैसे दिलेत, तर परतही पैसेच यायला हवेत.

याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये जिल्हा ग्राहक आयोग दुकानदाराला काय काय करायला लावू शकतो त्याची यादी आहे. दोष काढून द्या, तसाच नवा माल द्या, किंमत व्याजासह परत करा, नुकसानभरपाई द्या, वगैरे. "ग्राहकाला आमच्याच दुकानात पुन्हा खरेदी करायला लावा" असं त्या यादीत कुठेही नाही. क्रेडिट नोट हा दुकानदाराने पुढे केलेला एक प्रस्ताव आहे. तुम्ही हो म्हणालात तर तो तडजोड होतो, नाही म्हणालात तर प्रस्तावच राहतो.

म्हणजे घेतलेली कुठलीही वस्तू परत देऊन पैसे मागता येतात?

नाही. अर्ध्या तक्रारी इथेच फसतात.

साडी चांगली आहे, पण घरी नेल्यावर सासूबाईंना रंग आवडला नाही. शर्ट घेताना घालून बघितला नाही आणि आता खांद्यात घट्ट होतोय. तोच मिक्सर दुसरीकडे तीनशे रुपयांनी स्वस्त दिसला. यातल्या एकाही बाबतीत आपल्याकडचा कायदा दुकानातल्या खरेदीवर पैसे परत मिळण्याचा हक्क देत नाही. दुकानदाराने स्वतःहून "सात दिवसांत पैसे परत" अशी पाटी लावली असेल किंवा बिलावर छापलं असेल, तर तो त्या शब्दाला बांधील आहे. तसं काही नसताना त्याने बदलून दिलं किंवा क्रेडिट नोट दिली, तर तो त्याचा चांगुलपणा. तिथे भांडायला जाऊ नये.

हक्क कुठे उभा राहतो? माल सदोष असेल, सांगितला एक आणि दिला दुसरा असं झालं असेल, "प्युअर सिल्क" म्हणून विकलेलं कापड सिल्क नसेल, किंवा ऑर्डरचा माल कबूल केलेल्या तारखेला मिळालाच नसेल, तर. पुढचं सगळं अशाच प्रकरणांबद्दल आहे.

एखादं उदाहरण घेऊन सांगा.

समजा, उत्तरेश्वर पेठेतल्या एका घरचं लग्न आहे. महाद्वार रोडवर बस्ता बांधला. त्यात नवरीचा एक शालू, टॅगवर किंमत २०,००० रुपये. पूर्ण बस्त्यावर दहा टक्के सूट मिळाली, म्हणजे शालूचे प्रत्यक्ष १८,००० रुपये गेले. सगळे पैसे यूपीआयने दिले. चौथ्या-पाचव्या दिवशी शालू फॉल-पिकोला दिला. पिको करणाऱ्या मावशींनी तो पसरला आणि मशीनला लावण्याआधीच फोन केला: "ताई, पदरापासून हातभर अंतरावर धागा सुटलाय, येऊन बघा."

दुसऱ्या दिवशी मुलीची आई शालू घेऊन दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसाने उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाला, "व्हय वहिनी, विणकामातच गेलाय. पण हा पीस आता नाही. वीस हजाराची क्रेडिट नोट करून देतो, पुढं कधीही घ्या."

वीस हजारांचा आकडा ऐकून माणूस खूश होतो. पैसे दिले अठरा, मिळतायत वीस. पण नोट उलटून वाचली तर मागे बारीक अक्षरात असं काहीतरी असतं: ९० दिवसांत वापरावी, एकाच खरेदीत वापरावी, उरलेली रक्कम मिळणार नाही, सवलतीच्या मालावर चालणार नाही. दहा टक्के सूट असलेला माल या नोटेवर मिळणार नाही, म्हणजे टॅगच्या पूर्ण किमतीला घ्यावं लागेल. वरचे दोन हजार तिथेच गेले. बस्ता तर झालेला आहे, त्यामुळे आता वीस हजारांचं कापड घ्यायचं कुणासाठी? आणि नवरीला शालू लागणारच आहे. तो दुसऱ्या दुकानातून घ्यायचा तर आणखी अठरा-वीस हजार रोख काढावे लागतील. ऐन लग्नात घरचे अठरा हजार त्या दुकानात अडकून पडतात.

मग त्या आईने तिथे, काउंटरवर नेमकं काय करायचं?

आवाज न चढवता तीन गोष्टी करायच्या.

एक, तोंडी पण स्पष्ट नकार. "मालक, नोट नको. हाच शालू दुसरा नवा असेल तर दाखवा, नसेल तर आमचे अठरा हजार परत करा." मागायचे अठराच, वीस नाहीत. परतावा म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष दिलेली रक्कम. टॅगची किंमत मागितली की आपलीच बाजू लंगडी होते.

दोन, शालू आणि मूळ बिल हातातून सोडायचं नाही. "ठेवून जा, शेठ आल्यावर बघतो" असं म्हणाले आणि ठेवायचाच असेल, तर वस्तूचं वर्णन, बिल क्रमांक, दोष काय, आणि "तपासणीसाठी ठेवून घेतला" एवढं दुकानाच्या शिक्क्यासह लिहून घ्यायचं. बिलाची झेरॉक्स द्यायची, मूळ प्रत नाही. शालूही गेला आणि बिलही गेलं की हातात फक्त ती नोट उरते.

तीन, त्याच संध्याकाळी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर एक निरोप टाकायचा. असा:

"आज दुपारी आपल्या दुकानात बिल क्र. ___ मधील शालू दाखवला. विणकामातील दोष आपण पाहून मान्य केला. आपण क्रेडिट नोट देऊ केली, ती आम्हाला मान्य नाही. भरलेले १८,००० रुपये ज्या यूपीआय खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत."

पुढे दुकानदार "असं काही बोलणंच झालं नाही" किंवा "त्यांनी तर नोट मान्य केली होती" असं म्हणू लागला, तर तारीख-वेळेसह हा निरोप उपयोगी पडतो. त्यावर "बघतो ताई" एवढं जरी उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. तक्रार पोचल्याचा तो पुरावा आहे.

"दोष तुमच्या पिकोवाल्याने केला" असं म्हणाले तर?

म्हणतातच. म्हणून दोष दिसला की सुई लावू द्यायची नाही. कापड सपाट पसरून पूर्ण रुंदीचा एक फोटो आणि दोषाच्या जागेचा जवळून एक फोटो काढायचा. पिको करणाऱ्या मावशींकडून दोन ओळी लिहून घेता आल्या तर फारच बरं.

विणकामातला दोष आणि नंतर झालेली इजा यांत फरक दिसतो. विणताना बाणा, म्हणजे आडवा धागा, सुटला असेल तर रेघ काठाशी काटकोनात, सरळ जाते आणि बऱ्याचदा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोचते. धाग्याची टोकं विस्कटलेली नसतात. खिळ्यात, बांगडीत किंवा सुईत अडकून ओढलं गेलं असेल तर एकाच जागी धागे खेचले जातात, आजूबाजूला चुण्या पडतात आणि टोकं फुगलेली दिसतात. रोज कापड हाताळणाऱ्या माणसाला हे क्षणात कळतं, दुकानदाराला तर कळतंच.

रंग जाणं किंवा जरीचा खोटेपणा असे दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नाहीत. अशा वेळी आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं, आणि प्रकरणाला वेळही जास्त लागतो.

एक मात्र नक्की: दोष माहीत असताना शालू नेसून लग्न उरकलं आणि मग पैसे मागायला गेलात, तर कुणीही दाद देणार नाही.

दुकानदार म्हणतो, "जीएसटीत क्रेडिट नोट निघाली, आता रोख देता येत नाही." हे खरं का?

हे कारण इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं की शिकलेली माणसंही गप्प बसतात. यात दोन निरनिराळ्या कागदांची सरमिसळ होते.

जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मधली क्रेडिट नोट हा हिशेबाचा कागद आहे. माल परत आला की विक्रेता ती काढतो, विवरणपत्रात दाखवतो आणि त्या विक्रीवरचं आपलं करदायित्व कमी करून घेतो. गिऱ्हाइकाला पैसे यूपीआयने द्यायचे, रोख द्यायचे की चेकने, यावर तो कागद काहीच बोलत नाही. उलट पैसे परत केले तरी हीच नोट निघते.

काउंटरवर मिळते ती "पुढच्या खरेदीत वापरा" असं लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे दुकानाचं व्हाउचर. दोन्हींना क्रेडिट नोटच म्हणतात, म्हणून घोळ होतो. उत्तर एवढंच द्यायचं: "जीएसटीची नोट तुम्ही तुमच्या हिशेबाला काढा, आमच्या खात्यावर पैसे पाठवा." दुकानाच्या अकाउंटंटला हे माहीत असतं. शक्य असेल तर त्याच्याशीच बोला, निम्मे वाद तिथेच मिटतात.

बिलावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलं आहे. मग काय?

सदोष मालाला ते वाक्य लागू होत नाही. छापील ओळीने कायद्याने दिलेला हक्क जात नाही. "नो रिफंड, ओन्ली एक्स्चेंज" या पाटीचंही तेच.

सेलच्या मालाचं थोडं वेगळं आहे. दोष दाखवून, "डाग आहे म्हणून अर्ध्या किमतीत" असं सांगून विकलं असेल तर त्या दोषाबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. नुसता सेल होता म्हणून सगळे हक्क संपले, असं मात्र होत नाही.

दुकानदार तसाच नवा नग द्यायला तयार असेल तर? तरीही पैसेच मागावेत का?

तोच रंग, तीच जात, निर्दोष आणि वेळेत मिळत असेल तर माझ्या मते घ्यावा. आयोगही बदलून देण्याचा आदेश देऊ शकतो. दुकानदाराने रास्त बदल देऊ केला आणि तुम्ही कारण नसताना नाकारलात, तर ते तुमच्या अंगावर येऊ शकतं. "याच किमतीचं दुसरं काहीही निवडा" याला मात्र बदलून देणं म्हणत नाहीत. ती कागद न देता दिलेली क्रेडिट नोटच.

पक्कं बिल नाही, फक्त एस्टिमेटची चिठ्ठी आहे.

तरीही तक्रार करता येते. यूपीआयचा व्यवहार, टॅग, पिशवी, दुकानाशी झालेले निरोप यांतून खरेदी सिद्ध होऊ शकते. शिवाय बिल न देणं हीसुद्धा त्याच कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. चिठ्ठीवर वस्तूचं नाव आणि रक्कम नीट लिहिलेली नसेल तर काम अवघड होतं, हेही खरं. सगळी रक्कम रोख दिली असेल तर आणखीच.

बिल वडिलांच्या नावावर आहे आणि पैसे भावाच्या खात्यातून गेले. तक्रार कोणी करायची?

ज्याच्या नावावर बिल आहे त्याने करावी, ते सोपं पडतं. वस्तू ज्याच्यासाठी घेतली तो वापरणाराही कायद्याने ग्राहक असतो, त्यामुळे मुलगीही करू शकते.

नोट घेतली, सहीसुद्धा केली. आता उशीर झाला का?

नोट वापरली नसेल तर बाजी गेलेली नाही, पण घाई करा. सही कशावर केली ते आधी बघा. नुसती "नोट मिळाली" अशी पोच असेल तर ती मिळाल्याचीच पोच आहे. "पूर्ण व अंतिम समझोता, आता काही मागणी नाही" अशा मजकुरावर सही असेल तर काम कठीण आहे. ती सही दबावाखाली किंवा मजकूर न दाखवता घेतली, हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल.

लगेच लेखी कळवा: "दि. ___ रोजी दिलेली क्रेडिट नोट आम्ही वापरलेली नाही आणि वापरणार नाही. ती परत करण्यास तयार आहोत. रक्कम परत करावी." नोट मूळ स्वरूपात सांभाळून ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या अटी पुढे फार कामाला येतात.

कधीकधी दुकानदार शालू ठेवून घेतो आणि नोटेशिवाय काहीच लिहून द्यायला तयार नसतो. मग हात हलवत यायचं की नोट घ्यायची? घ्या, पण दुकानाकडे राहणाऱ्या प्रतीवर सही करताना शेजारी लिहा: "हरकत नोंदवून स्वीकारली, रोख परताव्याचा हक्क राखून." त्यावर काउंटरवाला चिडला तर तुम्ही त्या प्रतीचा मोबाइलवर फोटो काढेपर्यंत त्याला चिडू द्या.

नोटेवर खरेदी केलीत, तीही पूर्ण, तर मात्र तुम्ही तडजोड स्वीकारली असंच धरलं जाईल. अर्धी वापरून उरलेल्याचे पैसे मागणं हा वाद कमकुवत असतो.

दुकानदार दाद देत नाही. पुढे काय?

लेखी नोटीस. वकिलाकडूनच गेली पाहिजे असं नाही, साध्या कागदावर मराठीत चालते. काय घेतलं, किती दिले, दोष काय, कधी दाखवला, क्रेडिट नोट कधी नाकारली, आणि पंधरा दिवसांत अठरा हजार परत न केल्यास जिल्हा आयोगात व्याज, नुकसानभरपाई आणि खर्चासह दाद मागू, एवढं एका पानात बसतं. स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोचल्याची नोंद जपा. पत्ता बिलावरचाच घाला. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि बिलावरच्या फर्मचं नाव वेगळं असलं तर फर्मच्या नावाने लिहा. पाटी एका नावाची आणि जीएसटी दुसऱ्याच्या नावाचा, हे आपल्या बाजारात काही नवीन नाही.

बरेच दुकानदार या टप्प्यावर फोन करतात. पैसे देतो म्हणाले तर खात्यात जमा होईपर्यंत शालू सोडू नका. एका हाताने द्या, दुसऱ्या हाताने घ्या.

१९१५ वर फोन करून काम होतं का?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा तो क्रमांक आहे. तक्रार मराठीतही सांगता येते, consumerhelpline.gov.in वरही नोंदवता येते. मोठ्या कंपन्या आणि ऑनलाइन बाजार या हेल्पलाइनशी जोडलेले आहेत, त्यांच्या बाबतीत फरक पडतो. पेठेतल्या एका दुकानाबाबत फार अपेक्षा ठेवू नये. हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देत नाही. तरी तक्रार नोंदवून ठेवायला हरकत नाही, क्रमांक पुढे कागदपत्रांत जोडता येतो. फक्त त्या उत्तराची वाट बघत नोटीस लांबवू नका.

जिल्हा आयोगात जायचं तर खर्च किती, वकील लागतो का?

वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. वकील लावायची सक्ती नाही. २०१९ च्या कायद्याने आणखी एक सोय झाली: तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे बस्ता इचलकरंजीत बांधला काय, पुण्यात बांधला काय किंवा बेळगावात, कोल्हापुरात राहणाऱ्याला कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगातच दाद मागता येते. तक्रार e-jagriti.gov.in वरूनही दाखल होते.

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पण कापडाच्या बाबतीत दोन वर्षं थांबणं म्हणजे पुरावा घालवणं.

सोबत जोडायचं ते हे: बिल, पैसे दिल्याचा पुरावा, दोषाचे फोटो, क्रेडिट नोटेच्या दोन्ही बाजू, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, नोटीस आणि तिची पोच, आणि तक्रार खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र. मागणीत आपल्या उदाहरणापुरतं: १८,००० रुपये परत, त्यावर व्याज, मानसिक त्रासाबद्दल रास्त रक्कम आणि तक्रारीचा खर्च. अठरा हजारांच्या शालूसाठी पाच लाखांची नुकसानभरपाई मागणारे अर्ज मी पाहिले आहेत. त्याने मूळ तक्रारीचंच वजन कमी होतं.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर दुकानदाराला उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा मिळतात. प्रयोगशाळेची तपासणी नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, हे धरूनच जा. म्हणून लग्नाचा शालू आधी दुसरीकडून घ्या आणि त्याचं बिल जपा. निकालाची वाट बघत मुहूर्त थांबत नाही.

आदेश होऊनही दुकानदाराने पैसे दिले नाहीत तर कायद्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बहुतेक जण तिथपर्यंत ताणत नाहीत.

ऑनलाइन घेतलं होतं. अ‍ॅपने पैसे त्यांच्याच वॉलेटमध्ये टाकले.

इथे तुमची बाजू दुकानापेक्षा भक्कम आहे. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की माल सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आला असेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर विक्रेत्याच्या हाताबाहेरच्या आपत्तीने झाला असेल तेवढा अपवाद. पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्येच बजावलं आहे की ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला खास संमती दिली नसेल तर परतावा मूळ मार्गानेच जायला हवा. कार्डाने भरले तर कार्डावर, यूपीआयने भरले तर खात्यात.

ती "खास संमती" मिळवायलाच अ‍ॅपवाले "झटपट परतावा" असं ठळक रंगात वॉलेटचं बटण ठेवतात आणि "मूळ खात्यात, पाच ते सात दिवस" हा पर्याय फिकट अक्षरात खाली. परताव्याच्या पानावर बोट दाबण्याआधी खालपर्यंत सरकवा आणि स्क्रीनशॉट काढा. न विचारताच वॉलेटमध्ये टाकले असतील तर ते खर्च न करता कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला कंपनीला याच मुद्द्यावर आदेश दिला. ओला परताव्यापोटी फक्त पुढच्या फेरीचं कूपन देत होती. पैसे बँक खात्यात हवेत की कूपन, हे ग्राहकाला निवडू द्या, असं प्राधिकरणाने बजावलं. "आमची पॉलिसीच कूपनची आहे" म्हणणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपला तक्रारीत या आदेशाचा हवाला द्यावा.

उजळाईवाडीहून मुंबईचं विमान रद्द झालं. कंपनीने पैसे परत न देता पुढच्या तिकिटासाठी म्हणून क्रेडिट शेलमध्ये ठेवले.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे की परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने आपसूक तसं करायचं नाही. कंपनीला लेखी कळवा की क्रेडिट शेल मान्य नाही. तिकीट एजंटामार्फत काढलं असेल तर दोघांनाही लिहा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात.

गिफ्ट व्हाउचरने अर्धे पैसे भरले होते, अर्धे रोख. परतावा कसा मागायचा?

रोखीतला भाग रोख मागा. व्हाउचरचा भाग पुन्हा व्हाउचर म्हणून मिळाला तर त्यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. मात्र नव्या व्हाउचरची मुदत पुन्हा पहिल्यापासून द्यावी, एवढं मागणं रास्त आहे.

नोट घरात पडून राहिली, मुदत संपली. किंवा दुकानच बंद झालं.

फक्त एकाच दुकानात चालणाऱ्या अशा व्हाउचरला रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते, त्यामुळे मुदत किती असावी याचा तिचा नियम यांना लागत नाही आणि रोखीत बदलून द्यायची सक्तीही नसते. सदोष मालाबद्दल मिळालेली नोट असेल, तुम्ही ती लेखी नाकारली असेल आणि मूळ खरेदीची तक्रार दोन वर्षांच्या आत असेल, तर नोटेची मुदत संपल्याने परताव्याचा हक्क संपत नाही. नोट गुपचूप स्वीकारून कपाटात ठेवली असेल तर तेच म्हणणं मांडणं फार जड जातं.

दुकान बंद पडलं तर तुम्ही त्या मालकाकडून पैसे येणं असलेल्या इतरांच्या रांगेत उभे राहता, तेही हातात काही तारण नसताना. फर्मच्या नावाने नोटीस आणि तक्रार तरीही करता येते. एकट्या मालकाची किंवा भागीदारीची फर्म असेल तर शटर पडल्याने मालकाची जबाबदारी जात नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक घालून जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधलं की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळतं. नोटीस त्या नावाने पाठवा.